कुंडीभोवतीचे दोरे

वड तसा आमच्या घरचा नव्हता. बिल्डिंगच्या मागच्या अंगाला सांडपाण्याचा पाइप आहे, त्याच्या एका निखळलेल्या सांध्यात तो उगवला होता. प्लंबरने तो काढून खाली फेकला आणि मी उचलला. चार पानं, बोटभर खोड आणि पाइपच्या आकारात वाकलेलं एक मूळ. गच्चीवर काळ्या प्लास्टिकची एक कुंडी रिकामी पडली होती, तिच्यात लावला. मनात बाकी काही नव्हतं. जिवंत झाड फेकवत नाही, एवढंच.

आमची बोरिवलीची गच्ची कधी पुरती जागी झालीय असं मला वाटत नाही. एका बाजूला जंगलाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे पाण्याच्या टाक्या. टाकीत पाणी चढत असलं की तिचा एक आवाज येतो, झोपेत कुणी बोलावं तसा, शब्द न लागणारा. मी तिथे तासन्‌तास बसते. वडाची पानं त्या आवाजात हलतात की वाऱ्याने, हे मला कधी ठरवता आलं नाही.

वटपौर्णिमेला आमच्या गल्लीत तोडलेल्या फांद्या विकायला येतात. फांदी घ्यायची, पाटावर ठेवायची, पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "अगं, तोडलेली फांदी कशाला? ताईंकडे अख्खा वड आहे की गच्चीवर!" झालं. त्या वर्षी स्टुलावर कुंडी ठेवून पाच-सहा जणींनी फेऱ्या मारल्या. पुढच्या वर्षी सगळी बिल्डिंग आली, त्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या दोन बिल्डिंगाही. खोड मनगटाएवढंही नव्हतं, त्याला किती जणी गुंडाळणार? म्हणून सूत कुंडीलाच गुंडाळलं जायचं. कुंडीच्या काठाखालून, पोटावरून, एकावर एक. हळदीने पिवळं झालेलं. जुनं पावसात कुजून गळायचं, पण सगळं नाही. दोऱ्यांना हात लावायचा नाही, हे कुणी न सांगता ठरलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते मी एवढी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

त्या कुंडीत वडाचा जीव गुदमरतो आहे हे मला कळत होतं. मला झाडांचं कळतं. पाणी घातलं की ते मातीत मुरायच्या आधीच कडेकडेने सरळ खाली बशीत यायचं. माती दिसेनाशी झाली होती, वर नुसत्या मुळांच्या वळ्या. नवीन पान आलं तर आधीच्यापेक्षा लहान. बुडाच्या भोकांतून मुळं बाहेर पडली होती. ह्यांनी मालाडच्या बाजारातून एक मोठी कुंडी आणली, तीन जिने स्वतः वर चढवली, कारण लिफ्ट बंद होती. मी म्हटलं, "वडाला घट्टच आवडतं. मोठ्या कुंडीत मुळं सडतात." ह्यांनी मान डोलावली. त्या कुंडीत मी कपड्यांचे चिमटे ठेवले.

खरं कारण वेगळं होतं. मोठ्या कुंडीत गेला की वड वाढणार. वाढला की स्टुलावर मावणार नाही. मग कुणीतरी म्हणणार, जमिनीत लावून टाका. आणि तो जमिनीत गेला की माझ्या गच्चीवर कोण येणार? मला लोकांच्या दारात जाऊन बसता येत नाही. कुणाशी चार वाक्यं बोलून झाली की पाचवं सापडत नाही. पण वर्षातली ती एक सकाळ माझी असायची. बायका नटून वर यायच्या. "ताई, हळद कुठे ठेवू?" "ताई, माझी ओटी बघा ना नीट आहे का." सगळ्या मला विचारायच्या. त्या सकाळसाठी मी एका झाडाला सात वर्षं एवढ्याशा भांड्यात कोंडून ठेवलं.

कोळीण मावशी मागच्या वर्षी आली, ती गर्दी सरल्यावर.

ती आमच्या बिल्डिंगला मासे घालते. मढच्या बाजूची, बोटीवाल्या घरातली. वयाने माझ्याएवढीच असेल, पण मासे विकणारी म्हणून सगळे तिला मावशी म्हणतात, मीही. ती मला बाय म्हणते. वटपौर्णिमेला आमच्याकडे सगळ्यांचे उपास, तरी ती पाटी घेऊन आली होती. दुपार टळली होती. बायका केव्हाच खाली गेल्या होत्या, मी एकटी ताटं आवरत होते. ती धापा टाकत गच्चीच्या दारात उभी.

"आज कोण घेणार गं मासे?" मी विचारलं.

"मासं कोन विकतंय! वड हाय ना इथं? खालच्या वहिनीनं सांगितलं." पाटी दारातच ठेवून ती आत आली. "गावात जायला टायमच नाय झाला. माज्या दादल्याच्या छातीत दुखतंय गो बाय. चार पावलं चालला का बसतंय."

कुंडीवर जागा उरली नव्हती. तिने कमरेच्या पिशवीतून दोऱ्याचं गुंडाळं काढलं, माझ्या वाटीतली हळद त्याला चोळली, आणि वाकून, खोड मातीत शिरतं तिथे, सात वेळा घट्ट गुंडाळून गाठ मारली. मी तोवर ताटं उचलत होते. मी दोरा नीट पाहिलाच नाही.

ह्या वर्षी वटपौर्णिमेला ती आली नाही. ती नवऱ्याबरोबर इस्पितळात होती. त्याच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन करायचं ठरलं. आणि त्याच पंधरवड्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये छत गळत होतं, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं होतं, सोमवारपासून माणसं लागणार होती.

"वहिनी, राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाले, "पण बाकीच्या कुंड्या परत आणू, तो वड नाही. त्याची मुळं स्लॅबमध्ये शिरली तर बिल्डिंगची वाट लागेल. कोपऱ्यावरच्या पालिकेच्या मैदानात लावायची परवानगी मी काढलीय. खड्डाही तेच खणून ठेवतायत. रविवारी हलवून टाकू."

त्यांचं चुकत नव्हतं. तोवर बशीच्या कडेवरून एक मूळ फरशीच्या सांध्याकडे निघालंही होतं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन खूप वेळ गॅसपुढे नुसती उभी राहिले, काय करायला आले होते ते आठवेना.

शुक्रवारी मावशी पाटी घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती पापलेट साफ करत होती, तिचा हात थांबला.

"कवा काडनार?"

"रविवारी."

"आनि ह्याचं आपरेशन मंगलवारी." तिने माझ्याकडे पाहिलं. "बाय, ह्या वर्साला माजा दोराच नाय. मागल्या वर्साचा हाय तोच. तेवडा तुटू देऊ नको. मंगलवार होई तवर तरी."

"तुझा खोडाला आहे ना, कुंडीला नाही. त्याला हातही लागणार नाही. तसाच मातीत जाईल."

"आनि वड जगेल ना?"

"जगेल," मी म्हटलं. मला खात्री नव्हती. पानं पिवळी पडत होती. वड चिवट, पण आधीच दमलेल्या झाडाची मुळं ओरबाडली तर त्याला परत उभं राहायला बळ कुठून येणार? तिने पापलेटचे पैसे घेतले आणि जाता जाता म्हणाली, "सांबाल गो." वडाला की दोऱ्याला, ते तिने सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी कुंडी टबात ठेवून टब पाण्याने भरला. कोरड्या मुळांचा गोळा काढायला गेलं की तो सुटून पडतो आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून तो आधी आतपर्यंत भिजवायचा. पाण्यातून बुडबुडे यायला लागले. एकामागून एक, सावकाश, मोत्याएवढे. बराच वेळ येत होते. मी टबाशेजारी बसून ते बघत राहिले. आभाळ खाली उतरलं होतं, डोंगर दिसत नव्हते, आणि मला वाटत होतं की आपण दोघं पाण्याखाली आहोत, वड आणि मी, आणि वर कुठेतरी गच्ची आहे. बुडबुडे थांबल्यावर कुंडी बाहेर काढली, पाणी निथळू दिलं. जादा चिखल झाला तरी गोळा ढासळतो.

रविवारी सकाळी ह्यांनी गोणपाट अंथरलं. आम्ही कुंडी आडवी केली.

"खोड धरून ओढू?" ह्यांनी विचारलं.

"मुळीच नाही! खोड हातात येईल आणि मुळं आत राहतील."

एरवी अशी कुंडी काढायची तर तळहाताने चारी बाजूंनी दाबायची, हळूहळू लोळवायची, कडेने पातळ पट्टी फिरवायची, मग उलटी करून काठावर थापटायचं, गोळा साच्यातून मोदक निघावा तसा येतो. इथे पट्टी शिरेना. मुळं प्लास्टिकला चिकटून त्याचाच आकार घेऊन बसली होती. कुंडी फुगली होती, दाबली तर दगडासारखी. उरला उपाय एकच, झाड नाही, कुंडी कापायची.

पण कुंडीवर दोरे होते. कुंडी खाली निमुळती, म्हणून मी ते बुडाकडून सरकवून काढायला गेले. दोन बोटं सरकले आणि अडकले. वाकून बघितलं तर बुडाच्या आणि बाजूच्या भोकांतून निघालेली मुळं ह्या ओल्या सुतात शिरली होती. बाहेर दुसरी माती नव्हती, मग त्यांनी जे ओलं होतं ते धरलं होतं. केसांहून बारीक पांढरी मुळं, कुणाच्या कुणाच्या सुतातून धावत गेलेली. मी एक दोरा जरा ओढला तर मुळाच्या टोकावर दुधाचा ठिपका उभा राहिला. वडाचं हे असं आहे, कुठे दुखलं ते तो पांढऱ्या चिकाने लगेच सांगतो.

मी हात मागे घेतला.

"अगं, मग आता?" हे म्हणाले. "दोरे काढता येत नाहीत, कापायचे नाहीत, आणि कुंडी तर फोडायचीय."

बोटांनी मी कुंडीचा काठ चाचपत होते, आणि काठाचा एक तुकडा माझ्या हातात आला. मोडला म्हणण्याइतकाही आवाज झाला नाही. सात वर्षांचं ऊन खाऊन ते प्लास्टिक ठिसूळ झालं होतं, पापडासारखं.

मग आम्ही तसंच करत गेलो. पत्रा कापायच्या कात्रीचं एक पातं दोऱ्यांच्या खालून, दोरे आणि प्लास्टिकच्या मधून सरकवायचं, काठापासून बुडाकडे उभी चीर द्यायची. मग त्या चिरेपासून प्लास्टिकचे लहान लहान तुकडे मोडायचे आणि दोऱ्यांखालून एकेक ओढून काढायचे. भोकांजवळ मूळ ओढायचं नाही, मुळाभोवतीचं प्लास्टिक कापून भोक उघडं करायचं. हे तुकडे काढत होते, मी मुळं धरत होते. झिमझिम चालू होती. उकडलेल्या अंड्याचं कवच काढताना आतली पातळ त्वचा जपावी लागते, तेवढाच हात हलका. एकेक काळा तुकडा निघत गेला आणि आतून कुंडीचा आकार तसाच राहिला, पण मुळांचा. फिकट, दाट, गोल गोल फिरलेला. वाट शोधून शोधून परत स्वतःवरच आलेला.

आणि तो ढासळला नाही. दोऱ्यांनी तो धरून ठेवला होता. मला ज्यांची धास्ती होती त्याच दोऱ्यांची आता जाळी झाली होती, गोळ्याला वेगळं गोणपाट बांधायची गरजच उरली नाही. सुती असल्याने जमिनीत दोन-चार महिन्यांत कुजून जातील, मुळांना मोकळं करतील. मी फक्त बुडाशी जमलेली मुळांची चुंबळ बोटांनी थोडी थोडी सैल केली. ती तशीच ठेवली असती तर मोकळ्या जमिनीतही गोलच फिरत राहिली असती. इथे तिथे चिकाचे ठिपके आले, मोजके.

"झकास!" हे म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द फार दिवसांनी ऐकला.

मग मी खोडाशी साचलेली माती आणि जुनं सूत बाजूला केलं, मावशीचा दोरा नीट आहे ना बघायला.

तो अगदी नीट होता. वर्षभरात त्याचा एक तंतू सुटला नव्हता. हळद धुऊन गेली होती आणि खाली पांढुरका, गुळगुळीत, चमकणारा धागा. नायलॉनचा. तिने सूत आणलंच नव्हतं, जाळं विणायचा धागा होता तो. सात वेढ्यांनी खोड आवळलं होतं. वरच्या बाजूला खोड फुगून ओठासारखं पुढे आलं होतं, खालच्या बाजूला बारीक राहिलं होतं. एका ठिकाणी साल धाग्यावरून मिटायला लागली होती.

सूत कुजतं. हा कधीच कुजणार नव्हता. खोड जाड होत जाणार आणि हा तेवढाच राहणार. हा असाच जमिनीत गेला तर वड मोकळ्या मैदानात, मोकळ्या मातीत गळा आवळून मरणार.

ह्यांनीही वाकून पाहिलं. "कापून टाक," ते हळूच म्हणाले. "तिला काय कळणार? मातीखाली तर जाणार आहे."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझ्यासाठीच म्हटलं. आणि मला जमलंही असतं. न बोलणं मला सगळ्यात चांगलं जमतं, त्यासाठी काही करावं लागत नाही. कात्री हातातच होती. मी धाग्याखाली पातं घालायला गेले आणि मला तिचा पापलेटवर थांबलेला हात दिसला. मी कात्री ठेवली, फोन केला.

रविवार तिचा धंद्याचा दिवस. ती बारा वाजून गेल्यावर आली, रिकामी पाटी डोक्यावर, साडीला बर्फाचं पाणी. तोवर मी गोळ्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवलं होतं, उघडी मुळं वाऱ्याने सुकतात. मी गोणपाट सारलं आणि खोड दाखवलं. काही सांगावं लागलं नाही. ती जाळी विणणारी बाई, आवळलेलं तिला कळतं. ती उकिडवी बसली.

"सुताचा एका पावसात सडतंय गो," ती म्हणाली. "बोटीवर हाच वापरतो आमी. दर्यात तुटत नाय. मना वाटलं, माज्या मानसाला कुजनारा दोरा कशाला बांदू?" तिने वेढ्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजे मीच आवलला ह्याला. मीच. तरी मी म्हनतंय, वर्सभर त्याच्या छातीचं दुखनं कमी कसं होत नाय."

तिचा आवाज अगदी साधा होता. रडणं नाही, काही नाही. पिशवीत किती सुटे आहेत हे बघताना बोलते तसा. आणि मला दिसलं की हे ती आता बरोबर घेऊन जाणार, मंगळवारी इस्पितळाच्या बाकावर घेऊन बसणार, आणि काही वाईट झालं तर आयुष्यभर.

"मावशी, वड तुझ्या दोऱ्याने आजारी पडला नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे पडला."

"उगाच काय पन."

"उगाच नाही. दोरा मागच्या वर्षी बांधलास. पानं त्याच्या कितीतरी आधीपासून पिवळी आहेत. ही मुळं बघ कशी फिरलीयत. ही एका वर्षातली नाहीत. ह्याला मोठी कुंडी हवी होती, जमीन हवी होती, मला माहीत होतं. मी मुद्दाम लहान कुंडीत ठेवला."

"मुद्दाम? कशाला?"

आणि मी सांगितलं. सगळं. बायका वर येतात, मला विचारतात, ते मला हवं होतं म्हणून. चिमट्यांच्या कुंडीसकट. हे बाजूला प्लास्टिकचे तुकडे गोणीत भरत होते, त्यांचे हात थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाचवं वाक्य सापडलं, सहावंही सापडलं, आणि ती माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"म्हंजे हलदीकुंकवाला मानसं यावीत म्हनून वडाला कोंडला?"

"हो."

"आगं बाय माजे." तिने कपाळाला हात लावला. "मग बोलवायचं ना मानसांना! चा करायचा नि हाक मारायची. मी रोज येतंय तुज्या दारात, कवा म्हनलीस बस म्हनून? मी म्हनायचे, ही बाय लय शिष्ट."

मागून ह्यांचं हसू ऐकू आलं, दाबलेलं. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही, आणि कुठलं कशाचं ते कळेना.

"आता हा काढायचा का ठेवायचा, तूच सांग," मी धाग्याकडे बोट केलं. "तुझा आहे. मी हात लावणार नाही. पण ठेवला तर वड जाईल. हे मी खोटं सांगत नाही."

पाण्याची टाकी भरत होती, तिचा तो आवाज येत होता. मग तिने केसांतला आकडा काढला आणि गाठीत घातला.

गाठ बाहेरच्या बाजूला होती, सालीत रुतली नव्हती. तिने ती तोडली नाही, सोडवली. मग एकेक वेढा उलटा फिरवत काढायला लागली. खोडावर एकेक खोल रेघ उघडी पडत गेली. मी वरून थेंब थेंब पाणी सोडत होते. सहा वेढे निघाले. सातवा अर्धा निघाला आणि अडला. साल त्याच्यावरून पुरती मिटली होती, बोटभर लांबीचा धागा खोडाच्या आत होता. तिने जरा ताण दिला, सालीच्या कडेला पांढरा चीक आला.

तिने लगेच सोडलं. "आता?"

"ओढू नको, साल फाटेल. दोन्हीकडून कापला तर चालेल. आतला तुकडा राहू दे."

"आत राहून आवलनार नाय?"

"नाही. वेढा पुरा असला तर आवळतो. एवढासा तुकडा काही करत नाही. झाड त्याच्यावर वाढत जाईल. तो आतच राहील."

"कायमचा?"

"कायमचा."

तिने माझ्याकडे पाहिलं, खोडाकडे पाहिलं. मग वाकून, सालीला नाक लागेल इतकं जवळ जाऊन, धागा दातांनी तोडला. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. तोंडाला चीक लागला तो पदराने पुसला. "कडू हाय मेला," ती म्हणाली. निघालेला धागा तिने बोटांवर गुंडाळून कमरेच्या पिशवीत टाकला.

गोणपाटाचे चार कोपरे चौघांनी धरले. मी, हे, मावशी आणि मदतीला वर आलेले सेक्रेटरी. सेक्रेटरींनी मासळीच्या वासाने तोंड वळवलं तशी ती म्हणाली, "शेट, नाक धरू नका, कोपरा धरा." लिफ्टमध्ये फक्त वड आणि मी मावलो. खाली उतरताना पानं माझ्या गालाला लागत होती.

मैदानाच्या कोपऱ्यातला खड्डा पुरेसा रुंद होता. कुंडीत माती जिथवर होती तिथवरच माती येईल असा वड बसवला, दोऱ्यांच्या जाळीसकट. कडेने भुसभुशीत माती सोडली, पायाने तुडवली नाही, हाताने दाबली आणि पाणी सोडून बसू दिली. वाऱ्याने हलू नये म्हणून दोन बांबू लावले. तो फार लहान दिसत होता तिथे. एवढ्या आभाळाखाली त्याला काय वाटत असेल असं मनात आलं, आणि मग वाटलं, पुरे. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे असं नाही.

मंगळवारी मी कामावर रजा टाकली. सकाळी मैदानात गेले तर खाली पिवळ्या पानांचा सडा. हलवल्यावर वड पानं टाकतो, हे मला ठाऊक होतं, तरी मी एकेक पान उचलून बघितलं. मी तिथेच ओल्या दगडावर बसून राहिले. दुपार झाली. पोरं क्रिकेट खेळून गेली. आभाळ हलत नव्हतं, घड्याळही नाही. फोन आला तेव्हा मला आधी कळलंच नाही की तो माझ्या हातात वाजतोय.

"भाएर काडला," मावशी म्हणाली. मागे खूप गलका होता. "डाक्टर बोलला, बरा हाय. अजून डोले नाय उगडले. आजची रात बगायची बोलला." आणि श्वास घेऊन, "वड?"

जुनी मी असते तर 'छान आहे' म्हटलं असतं.

"पानं टाकतोय गं. निम्म्याहून जास्त गळली. पण खोड हिरवं आहे, आत्ताच नखाने खरवडून बघितलं. मलाही अजून बघायचंच आहे. पंधरा दिवस तरी."



"मग बगू," ती म्हणाली. "तू तिथं बस, मी इथं बसतंय."